शांत चेतापेशीतले −७० मिलिव्होल्ट: पंपामुळे की गळतीमुळे?

कालिना_पहिलं_वर्ष
एमएस्सीला आहे, जीवशास्त्र. दादरच्या शिकवणीत सरांनी सांगितलं की चेतापेशीच्या पटलातला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोनच पोटॅशियम आत घेतो, एक धन प्रभार जास्त बाहेर जातो, म्हणून पेशी आतून ऋण. पुस्तकात मात्र पंपाचं नाव शेवटी येतं आणि सगळं श्रेय पोटॅशियमच्या गळतीला दिलंय. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि पेपरात काय लिहायचं?

भांडुपचा_वायरमन
सर बरोबर आहेत. मी इलेक्ट्रिकलवाला आहे, जीवशास्त्र वाचतो ते हौसेने, पण हिशेब साधा आहे. व्होल्टेज टिकवायला ऊर्जा लागते आणि इथे ऊर्जा खर्च करणारं यंत्र एकच, ते म्हणजे पंप. गळती म्हणजे नुसतं नुकसान. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की एक-दोन मिनिटांत चेतापेशींचं व्होल्टेज कोसळतं, हे वैद्यकीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचार. पंप बंद, खेळ खलास. आणखी काय पुरावा हवा?

परळची_मास्तरीण
पुरावा हवा तो वेळेचा. वायरमनभाऊ, मी वर्षानुवर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय आणि हा घोळ दर वर्षी नव्याने निस्तरलाय, तेव्हा जरा दमाने घेते.

व्होल्टेज थेट पंपाच्या तीन-दोनच्या फरकातून येत असेल, तर पंप अडवताक्षणी ते पडलं पाहिजे. पंप अडवणारं औषध आहे, ओऊबेन. ते दिल्यावर बहुतेक चेतापेशींत व्होल्टेज लगेच पडतं ते काही मिलिव्होल्टच. बाकीचं हळूहळू ओसरतं, म्हणजे आतला पोटॅशियम झिरपून संपत जाईल तसं. माकुळाच्या जाड चेतातंतूत तर त्याला तास लागतात. मेंदूत सगळं लवकर होतं, कारण तिथले तंतू बारीक, पेशींमधली जागा चिंचोळी, आणि पेशी सतत पेटत-विझत असल्यामुळे आयनांची उलाढाल प्रचंड. थोडा पोटॅशियम बाहेर आला तरी त्या फटीत त्याचं प्रमाण चटकन चढतं.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी घ्या. पहाटे पंप लावून ती भरतात, पण दुपारी तुमच्या नळाला जोर असतो तो टाकीच्या उंचीचा. पंप जळला तर नळ त्याच क्षणी बंद पडत नाही.

भांडुपचा_वायरमन
बाई, टाकी भरली कोणी? पंपाने. मग नळाच्या जोराचं कारण पंपच झाला की.

परळची_मास्तरीण
फरक पंपाने तयार केला, हे कोण नाकारतंय? पण फरक आहे म्हणून व्होल्टेज येत नाही. आत पोटॅशियम लिटरला १४० मिलिमोल, बाहेर ४. सोडियम उलटा, आत १२ आणि बाहेर १४५. पटल दोघांनाही पूर्ण बंद असेल, तर एवढे फरक असूनही त्यातून एक मिलिव्होल्टही निघणार नाही. आता त्यात फक्त पोटॅशियमला चालतील अशी छिद्रं पाडा. पोटॅशियम दाटीतून विरळ बाजूला निघतो आणि जाताना आपला धन प्रभार घेऊन जातो. त्याच्या जोडीचे ऋण आयन त्या छिद्रातून जाऊ शकत नाहीत, ते मागे राहतात. आत ऋणता साठते आणि तीच पुढच्या पोटॅशियमला मागे ओढू लागते. दाटीचा रेटा आणि विजेची ओढ सारखी झाली की निव्वळ जा-ये थांबते. शरीराच्या तापमानाला हे जमतं −९५ मिलिव्होल्टला. यात पंपाची एक फेरीही मोजलेली नाही.

शिकवणीवाला_दादर
मुख्य मुद्दा राहिलाच. पेशीच्या आत ऋण प्रभाराची मोठी प्रथिनं असतात आणि ती बाहेर पडू शकत नाहीत. पेशी आतून ऋण असते ती त्यांच्यामुळे. आम्ही नोट्समध्ये हेच देतो आणि पोरांना मार्क मिळतात.

परळची_मास्तरीण
सर, प्रथिनं आहेत, ऋण आहेत, अडकलेलीही आहेत, पण त्यांच्या प्रभाराला जोडीदार पोटॅशियम आतच हजर असतो. पटलापासून जरा आत सरकलात की द्रावण विजेच्या दृष्टीने तटस्थच. जी ऋणता मोजली जाते ती पटलाला चिकटलेल्या पातळ थराची.

आणि हे नुसतं कागदावर नाही. १९६१ मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी माकुळाचा मोठा चेतातंतू घेतला आणि त्यातला गर रूळ फिरवून पिळून काढला. प्रथिनं गेली, पंपाला लागणारं इंधनही गेलं. रिकाम्या नळीत पोटॅशियम सल्फेटचं द्रावण भरलं. व्होल्टेज परत आलं, इतकंच नव्हे तर तंतूतून संदेशही धावले. मग आत पोटॅशियम कमी आणि बाहेर जास्त असं उलटं केलं, तर नळी आतून धन झाली. प्रथिनं किंवा पंप हे थेट कारण असतं, तर हे घडलंच नसतं.

वर्सोवा_कोळीवाडा
माकूळ म्हणजे आमच्या टोपलीतलाच ना? बाजारात आणलेल्यात तो तंतू दिसेल काय?

परळची_मास्तरीण
तोच वंश. अंगाची पिशवी उभी चिरून आतून पाहिलंत तर दोन बाजूंना एकेक चांदणीसारखी गाठ दिसते, तिच्यातून चेता पसरतात. मोठ्या माकुळात त्यातला जाड तंतू मिलिमीटरभर रुंद असू शकतो. पण बर्फात पडून आलेल्या माकुळात व्होल्टेज शोधू नका, ते केव्हाच गेलं. प्रयोगाला जिवंत लागतो.

कालिना_पहिलं_वर्ष
बाई, पोटॅशियम असा बाहेर जात राहिला तर आतला १४० कमी नाही का होणार? आणि −९५ निघतं तर मोजताना −७० का येतं?

परळची_मास्तरीण
पहिल्याचा हिशेब तूच करून बघ, मी सुरुवात देते. २० मायक्रॉन व्यासाची गोल पेशी धर. दर चौरस सेंटिमीटर पटलाची धारकता साधारण १ मायक्रोफॅरड. त्यावर ७० मिलिव्होल्ट चढवायला सुमारे ५५ लाख आयन बाहेर जावे लागतात. ऐकायला खूप, पण त्या पेशीत पोटॅशियमचे आयन आहेत सुमारे ३५ हजार कोटी. म्हणजे साठ-पासष्ट हजारांत एक. एवढ्याने १४० चा आकडा हलत नाही.

दुसरं उत्तर सोडियमचं. शांत पटल सोडियमला पूर्ण बंद नसतं. पोटॅशियमची वाट १ धरली तर सोडियमची ०.०४ धर. किरकोळ वाटते, पण बाहेर सोडियम १४५ आहे. वाटेने गुणून बेरीज कर. बाहेर ४ अधिक ५.८, म्हणजे ९.८. आत १४० अधिक ०.४८, म्हणजे साधारण १४०.५. बाहेर भागिले आत या गुणोत्तराचा दशमान लॉग घेऊन ६१.५ ने गुणलंस की −७१ येतं. क्लोराइड मी मुद्दाम बाजूला ठेवलाय, बऱ्याच पेशींत तो व्होल्टेज ठरवत नाही, व्होल्टेजच्या मागे जातो. खात्री करायची तर मेंदूतल्या ताराकृती पेशी बघ. त्यांचं पटल जवळजवळ फक्त पोटॅशियमचं, म्हणून त्या चेतापेशींपेक्षा बऱ्याच जास्त ऋण असतात.

माहीमची_सुनंदा
माझा प्रश्न वेगळा आहे, रागावू नका. सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे आणि कालच्या रिपोर्टात पोटॅशियम ६.१ आलंय. वरचं वाचून धडकी भरली. म्हणजे त्यांच्या मेंदूतलं व्होल्टेज उतरलं का? ते जरा विसरभोळे झालेत म्हणून विचारते.

परळची_मास्तरीण
सुनंदाताई, विसरभोळेपणाचा संबंध इथे जोडू नका. रक्तातला पोटॅशियम चढला तरी मेंदूभोवतालच्या द्रवातला फारसा चढत नाही, मध्ये अडसर असतो. काळजी हृदयाची आणि स्नायूंची. स्नायूपेशी पोटॅशियमच्या −९५ च्या आकड्याला चेतापेशीपेक्षा जास्त जवळ असते, त्यामुळे बाहेरचा पोटॅशियम वाढला की तिचं व्होल्टेज थेट उतरतं. त्याने पेशी जास्त चपळ होईल असं वाटतं, पण उतरलेलं व्होल्टेज टिकून राहिलं की सोडियमचे दरवाजे निकामी अवस्थेत अडकतात आणि ठोका मंदावतो. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आकडा खोटाही चढतो, पण ते घरी ठरवायचं नाही. आजच डायलिसिसच्या डॉक्टरांना फोन करा.

माहीमची_सुनंदा
करते लगेच. आभार.

भांडुपचा_वायरमन
मी अजून गप्प बसलेलो नाही. बाई, तुमच्याच हिशेबात −७१ ला पोटॅशियम समतोलात नाही, त्याचा समतोल −९५ ला. सोडियम तर त्याहून लांब, त्याचा +६६ च्या आसपास. म्हणजे शांत पेशीत पोटॅशियम कायम बाहेर गळतोय, सोडियम कायम आत येतोय. याला समतोल म्हणत नाहीत, ही चालू खर्चावर टिकवलेली स्थिती आहे. खर्च पंपाचा. मग पुस्तकात त्याला शेवटी का टाकता?

परळची_मास्तरीण
हे मात्र बरोबर बोललात. स्थिर आहे, समतोल नाही. पंपाशिवाय ती टिकत नाही, यावर माझा वाद नाहीच. माझा वाद त्या वाक्याशी आहे, की तीन-दोनच्या फरकामुळे आत −७०.

टोचणारा_संशोधक
इतकंही सरळ नाही, बाई. पंपाचा थेट वाटा 'काही मिलिव्होल्ट' म्हणून कायमचा मिटवता येत नाही. १९६९ मध्ये थॉमस यांनी गोगलगायीच्या चेतापेशीत सुईतून सोडियम सोडला. पंप जोरात चालला आणि पेशी बरीच जास्त ऋण झाली. ओऊबेन दिल्यावर तो परिणाम गायब. म्हणजे पेशी नुकतीच भरपूर पेटून गेली असेल आणि तिच्या पटलाचा रोध जास्त असेल, तर पंपाचा थेट वाटा दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. आता 'शांत' कुठल्या क्षणाला म्हणायचं? सतत पेटणाऱ्या पेशीला तो क्षण मिळतो का?

परळची_मास्तरीण
गोगलगायीचं मान्य. पण तिथे पंप मुद्दाम सोडियम पाजून पळवला होता. तुम्ही म्हणता त्या पेशींत रोजच्या कामात तो किती पळतो, हे प्रत्येक प्रकारच्या पेशीत मोजूनच ठरेल.

शिकवणीवाला_दादर
तरी पेपर तपासणारा प्रथिनं शोधणारच. प्रथिनं लिहा, मार्क जाणार नाहीत.

परळची_मास्तरीण
पेपर मीही तपासलेत, सर. कालिना, तू असं लिही: पंपाने आयनांचे फरक टिकवले, पोटॅशियमच्या गळतीने त्यांतून व्होल्टेज काढलं, सोडियमच्या थोड्या गळतीने ते −९५ वरून −७० कडे आणलं, आणि पंपाच्या असमान फेरीने त्यात थोडी थेट भर घातली. प्रथिनं लिहायचीच तर आतल्या पोटॅशियमचे जोडीदार म्हणून लिही.

भांडुपचा_वायरमन
पंप पहिल्या वाक्यात आला, नोंद घ्या.

कालिना_पहिलं_वर्ष
५५ लाखांचा हिशेब जमला. एकच अडलंय. तीच पेशी २० ऐवजी २ मायक्रॉनची घेतली तर तिथे पंप बंद पडल्यावर १४० किती लवकर संपेल?

टोचणारा_संशोधक
व्यास दहापट कमी, म्हणजे पटल शंभरपट कमी आणि पोट हजारपट कमी. पटलाची गळती तितकीच धरलीस तर साठा दहापट लवकर संपेल. वायरमन मिनिटांचं बोलत होते ते त्यामुळेच, आणि बाई तासांचं.

भांडुपचा_वायरमन
म्हणजे बाईंचा माकूळ जाड म्हणून त्या जिंकल्या. पातळ तंतूवर करा हाच प्रयोग, मग बोलू.