अपडेटनंतर लेबल प्रिंटर बंद, मदत हवी आहे (अर्जंट)

हळदवाला_सांगली (८ जुलै २०२१)
मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान आहे, काल सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर अपडेट होत बसला आणि तेव्हापासून पोत्यावर लावायची लेबलं नुसती कोरी बाहेर पडतायत. अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं ना, मग हे मधेच कुठनं आलं? काढून टाकू का? गाडी भरायची थांबलीय, लवकर सांगा.

कृष्णाकाठ
विंडोज कुठलं? प्रिंटर यूएसबीवर का नेटवर्कवर? अपडेटचा नंबर काय?

मिरजकर७
माझापण फिका मारायचा, हेड स्पिरिटनं पुसलं, झाला.

हळदवाला_सांगली
फिका नाही हो काका, कोरा! विंडोज १०, यूएसबी, KB5004945.

बिनधास्त_तासगाव
काढून टाक लका. १३ तारखेला नेहमीचं येईल ते घे. यूएसबी आहे म्हटल्यावर बाहेरचा कोण घुसतोय?

कृष्णाकाठ
काढू नका. यूएसबी असला तरी तो दुसऱ्या मशीनला शेअर केला असेल तर स्पूलर, म्हणजे विंडोजमधला छपाईची कामं सांभाळणारा प्रोग्राम, नेटवर्कवरच्या विनंत्या घेतो. प्रिंटनाइटमेअर म्हणतात ते हेच, साधं लॉगिन असलेला माणूससुद्धा ड्रायव्हरच्या नावाखाली स्वतःची फाइल स्पूलरला देतो आणि ती सिस्टीमच्या अधिकाराने चालते. जूनच्या पॅचने हे मिटलं असं समजून काही संशोधकांनी कोड गिटहबवर टाकला, मग कळलं भोक उघडंच आहे. त्यांनी काढला, पण तोवर कॉप्या झाल्या होत्या. कोड सगळ्यांकडे आणि पॅच कुणाकडेच नाही, मग १३ पर्यंत कोण थांबणार? सपोर्ट संपलेल्या विंडोज ७ लाही दिलाय यावेळी.

बिनधास्त_तासगाव
आणि घाईत लोकांचे प्रिंटर बंद पाडले! तपासून द्यायला काय झालं होतं?

कृष्णाकाठ
ते बरोबर आहे, घाईत तपासणी कमी पडते. काही लेबल आणि पावतीच्या प्रिंटरना त्रास झालाय, त्यावर तेवढाच बिघडलेला भाग मागे घेणारा मायक्रोसॉफ्टचा रोलबॅक आपोआप येतोय, २४ तास लागू शकतात, रीस्टार्ट केलं तर लवकर लागतो. गाडी खोळंबलीय तर ड्रायव्हर काढून ॲडमिन लॉगिनने परत टाका. अपडेट तसंच राहू दे. आणि शेअर केलाय का ते सांगितलं नाहीत.

हळदवाला_सांगली
ड्रायव्हर परत टाकला, लेबल आलं!! शेअर आहे की, काट्यावरच्या आणि हिशेबाच्या मशीनवरनं पण मारतो.

मिरजकर७
स्पिरिट तरी मारून बघायचं.

कृष्णाकाठ
मग प्रिंटर लावलेल्या मशीनवर हे चालवा:

```
reg query "HKLM\SOFTWARE\Policies\Microsoft\Windows NT\Printers\PointAndPrint"
```

की सापडली नाही म्हणाला तर चांगलंच. NoWarningNoElevationOnInstall समोर 0x1 असेल तर पॅच टाकूनही भोक उघडं राहतं.

हळदवाला_सांगली
0x1 च आहे. बिलिंगवाल्या पोराने ड्रायव्हर टाकताना सारखा पासवर्ड मागतोय म्हणून काहीतरी केलेलं. शून्य केलं तर काट्यावरचं मशीन बंद नाही ना पडणार?

बिनधास्त_तासगाव
बघ, आता नवीन काम निघालं.

कृष्णाकाठ
ड्रायव्हर आधीच बसलाय तर पडू नये. पण गाडी गेल्यावर करा.