आंब्याची जाहिरात चालेना: टार्गेट लहान, की आपलंच चुकतंय?

देवगडकर_पेटीवाला: आमच्या बागेतला हापूस पुण्यात घरपोच देतो. फेसबुक-इन्स्टावर चार ॲडसेट लावलेत, प्रत्येकी दिवसाला ३०० रुपये. कोथरूडभोवती ५ किमी, भाषा मराठी, वय ३० ते ५५, आवड आंबा आणि शिवाय ऑनलाइन खरेदी. एका मेसेजला २० रुपयांची मर्यादा. आठवड्यात जेमतेम ४१० रुपये खर्च झाले. एका ग्रुपवर सल्ला मिळाला, ‘अख्खा महाराष्ट्र टाक, अल्गोरिदम बघून घेईल.’ टाकू का?

कर्वेनगरची_ताई: हा सल्ला वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितेय. गडचिरोलीचा माणूस मेसेज करेल, मग तुम्ही पेटी कशी पोचवणार? पोचवता येतं तेवढं अंतर ही तुमची खरी अट. ती शेवटपर्यंत ठेवा, बाकीच्या सोडा. पहिली भाषेची. ती अट मुख्यतः ॲप कोणत्या भाषेत आहे ते बघते, घरात काय बोलतात ते नाही. माझ्या आईला इंग्रजी येत नाही, पण दुकानातल्या पोराने फोन इंग्रजीत लावून दिला तो तसाच आहे. ती तुमच्या यादीत येणारच नाही. दुसरी, ‘शिवाय ऑनलाइन खरेदी’. दोन्हीत बसणारेच उरतात, ते मूठभर.

आणि चार ॲडसेट कशाला? जाहिरात कोणाला दाखवायची हे फेसबुकला शिकायला एकेका ॲडसेटमागे आठवड्यात साधारण ५० मेसेज लागतात. मेसेज ६० रुपयांना पडला असं धरा. आठवड्याच्या ८,४०० रुपयांत १४० होतात, चौघांत वाटले तर ३५-३५. कोणीच शिकत नाही. एकच ठेवा.

रोकडा_हिशोब: ताई, एवढं लिहिलंत आणि २० रुपयांची मर्यादा दिसलीच नाही? मेसेज ६० ला पडत असेल तर २० मध्ये फेसबुक जाहिरात दाखवेलच कशाला? लोक कमी-बिमी काही नाही. मर्यादा काढा, बजेट दुप्पट करा.

कर्वेनगरची_ताई: बरं बाबा, चष्मा बदलते. मर्यादा नजरेतून सुटली, मान्य. पण बजेट दुप्पट कशाला? आहे तेच खर्च होत नाही! देवगडकर, आधी रीच बघा, म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली ते. किती लोक आहेत याचा फेसबुक जो अंदाज दाखवतं, त्यातल्या बहुतेकांपर्यंत जाहिरात पोचली असेल आणि एकेकाने पाच-सहा वेळा पाहिली असेल, तर लोक संपले. रीच अंदाजाच्या पाव भागही नसेल, तर आधी मर्यादेकडे बघा.

सदाशिव_पेठी: भाषा मराठी काढा म्हणे! कोथरूडात मराठी माणूस उरला नाही का? असंच करून आपण पुणं घालवलं.

कर्वेनगरची_ताई: अहो, जाहिरात मराठीतच लिहा ना! ज्याला वाचता येत नाही तो पुढे सरकेल. चाळणीचं काम मजकूर करतो.

मसालेवाली_सांगली: मी तसंच केलं आणि पस्तावले. माझं निम्मं गिऱ्हाईक गुजराती-मारवाडी. हिंदीत एक जाहिरात टाकली तेव्हा कुठे हललं.

सदाशिव_पेठी: म्हणजे आता हापूसही हिंदीत विकायचा. धन्य.

मसालेवाली_सांगली: काका, बँकेचा हप्ता भाषा विचारत नाही. तुम्ही एक पेटी तरी घेताय का, ते सांगा.

सदाशिव_पेठी: मी मंडईतून घेतो. वास घेऊन.

देवगडकर_पेटीवाला: भांडू नका हो. रीच अंदाजाच्या दहाव्या भागाएवढाच आहे. जुन्या ३४० गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, त्यांच्यासारखे लोक शोधायचा पर्याय चालेल का?

कर्वेनगरची_ताई: यादी चालेल. एका देशातले १०० तरी नंबर फेसबुकच्या खात्यांशी जुळावे लागतात आणि ३४० पैकी सगळे जुळत नाहीत. पण तसे १ टक्का लोक अख्ख्या भारतातून निवडले जातात. त्यातून ५ किमीतले वेगळे काढलेत की पुन्हा मूठभर. म्हणून ती सक्तीची अट करू नका, नुसती सूचना म्हणून द्या. जुन्या गिऱ्हाइकांना जाहिरातीतून वगळा, त्यांना तुम्ही फुकट मेसेज करू शकता. डझनाचा भाव चित्रावरच लिहा, म्हणजे ‘कितीला?’ विचारून गायब होणारे कमी होतील. आणि हिशोब मेसेजमागे नको, विकलेल्या पेटीमागे मांडा.

रोकडा_हिशोब: शेवटचं पटलं. पण भाव लिहिला की मेसेज महागतो, हेही सांगा की.

कर्वेनगरची_ताई: महागतो. महागू दे.

देवगडकर_पेटीवाला: मर्यादा ६० केली, भाषा काढली, वारजे-बावधन जोडलं, ॲडसेट एकच. दोन दिवसांत २३ मेसेज, ४ पेट्या गेल्या. एक बाई विचारतायत, भाऊ नाशिकला असतो, त्याच्याकडे पाठवाल का?