‘इक्विटी रिस्क प्रीमियम’ला मराठीत काय म्हणायचं? आणि त्यातल्या ‘इम्प्लाइड’ला?

शब्दवेडी: एका कंपनीच्या मूल्यांकनाचा रिपोर्ट मराठीत करतेय. त्यात हिस्टॉरिकल प्रीमियम जवळजवळ पावणेसात टक्के दिलाय आणि इम्प्लाइड प्रीमियम ४ टक्के. मी सध्या ‘समभाग जोखीम अधिमूल्य’ लिहिलंय पण वाचताना काहीतरी खटकतंय. आणि एकाच गोष्टीचे दोन आकडे एवढे वेगळे कसे, टायपिंगची चूक तर नाही ना?

रोजकीर्द: अधिमूल्य बरोबर आहे की. १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर ५० ला विकला तर वरचे ४० म्हणजे अधिमूल्य, कॉमर्सला हेच शिकवतात.

ताळेबंद: रोजकीर्द, तुम्ही म्हणता तो शेअर प्रीमियम, तो किमतीवरचा. इथला प्रीमियम परताव्यावरचा आहे. सरकारी रोख्यात पैसे ठेवले तर जे मिळतं त्याच्यावर अजून किती मिळालं तर माणूस शेअरची जोखीम घ्यायला तयार होईल, तो जास्तीचा भाग. म्हणून ताईंना खटकतंय ते बरोबरच आहे. ‘अधिमूल्य वाढलं’ वाचलं की वाटतं शेअर महागले, पण हा प्रीमियम वाढतो तेव्हा शेअर स्वस्त होतात, कारण लोक जास्त परतावा मागतात आणि तेवढ्याच लाभांशाला कमी किंमत देतात. मी ‘जोखीम-मोबदला’ लिहीन.

मोजूनमापून: मोबदला चांगलाय. पण दोन आकड्यांचं म्हणाल तर हिस्टॉरिकल म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला आणि इम्प्लाइड म्हणजे कुणीतरी लाभांशवाढीचा अंदाज बांधून काढलेला, त्यामुळे मी तरी मोजलेलाच खरा धरीन.

ताळेबंद: अर्धं पटलं. इम्प्लाइडमध्ये वाढीचा अंदाज असतो आणि तो १ टक्क्याने चुकला की प्रीमियमही तेवढाच चुकतो, हे खरं. पण मोजलेली असते ती झालेली गोष्ट, आपल्याला हवंय ते लोक आज काय मागतायत. ताईंच्या आकड्यांच्या जवळ जाणारं उदाहरण घेतो. बाजाराचा भाव १००, येत्या वर्षाचा लाभांश ४, तो कायम दरवर्षी ५ टक्के वाढेल असा अंदाज, आणि रोख्यावर ४ टक्के. शेअरवर अपेक्षित परतावा ४ अधिक ५ म्हणजे ९, त्यातून रोख्याचे ४ गेले, मोबदला ५. समजा १९ वर्षं बाजाराने बरोबर तेवढाच जास्तीचा परतावा दिला, दरवर्षी ५. विसाव्या वर्षी लोकांची भीती कमी झाली आणि ते ९ ऐवजी ८ वर समाधानी झाले. वर्षअखेर पुढचा लाभांश ४.२० असेल, त्याला ८ वजा ५ म्हणजे ३ टक्क्यांनी भागा, भाव झाला १४०. त्या वर्षी भावाचे ४० आणि लाभांशाचे ४ मिळून ४४ टक्के, रोख्यापेक्षा ४० जास्त. आता सरासरी काढा, १९ वेळा ५ आणि एकदा ४०, बेरीज १३५, भागिले २०, उत्तर ६.७५. आजच्या किमतीतून काढला तर ८ वजा ४ म्हणजे ४. मोबदला खाली आला, आणि नेमका त्यामुळेच इतिहासाचा आकडा वर गेला. टायपिंगची चूक नाही ताई.

संध्याछाया: अगं बाई, माझं हेच झालं होतं की! रिटायरमेंटचा हिशोब करताना मोठ्या तेजीनंतर मागच्या वर्षांची सरासरी काढली आणि तीच पुढे लावली, म्हणजे भाव वाढून जे एकदाच मिळालं ते मी दरवर्षी मिळेल असं धरून बसले. आणखी जुनी वर्षं घेतली तर हे सुधारतं का?

ताळेबंद: थोडं. शेअरचा परतावा वर्षाला साधारण २० टक्क्यांनी वरखाली होतो असं धरलं तर २५ वर्षांच्या सरासरीत ४ टक्क्यांची प्रमाणचूक राहते, १०० वर्षांच्या सरासरीत २ ची. म्हणजे मोजलेला ६ हा खरा ३ ही असू शकतो. आणि १०० वर्षं मागे गेलात की तो बाजार आजचा राहत नाही.

मोजूनमापून: हे मान्य. पण मग फुगवटा आला असेल तर? भावच चुकीचे असले तर त्यातून काढलेला मोबदलाही चुकीचाच ना?

ताळेबंद: हो, ती त्या पद्धतीची खरी मर्यादा आहे. आजचा भाव बरोबर धरूनच ती चालते. मूल्यांकनाचे प्राध्यापक अस्वथ दामोदरन दर महिन्याला अमेरिकेच्या एसअँडपी ५०० साठी हा आकडा काढतात, १९९९ अखेर तो साधारण २ टक्के होता, २००८ च्या पडझडीनंतर सुमारे ६.४. ९९ चे २ टक्के ही लोकांची खरी मागणी होती की वेडी आशा, हे त्या आकड्यातून कळत नाही. अजून एक बघा ताई, रिपोर्टमध्ये नुसता लाभांश धरलाय की बायबॅकही, म्हणजे कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेते तो पैसा? जिथे कंपन्या बायबॅकने बराच पैसा परत देतात आणि वाढीच्या अंदाजात त्याचा हिशोब नसतो, तिथे लाभांशावरून काढलेला मोबदला कमी दिसतो.

शब्दवेडी: नुसता लाभांशच आहे, विचारते त्यांना. ‘जोखीम-मोबदला’ घेतला. ‘इम्प्लाइड’ला ‘गर्भित’ चालेल?

रोजकीर्द: ‘गर्भित’ म्हटलं की मला गर्भित इशारा आठवतो. ‘किंमतनिहित’ कसं वाटतं?

मोजूनमापून: ‘किंमतनिहित’ने भाव बरोबर आहे हे गृहीत धरल्यासारखं होतं, आणि भांडण तर त्याच्यावरच आहे. ‘भावावरून काढलेला’ असं सरळ लिहा.

ताळेबंद: मला ‘किंमतनिहित’ आवडला, ते गृहीत आहे हे शब्दातच दिसतं.