मीटिंगमध्ये 'प्रयत्न करतो', शुक्रवारी काम अर्धवट: याला पळपुटेपणा म्हणायचं का?

सरळरेषा (मूळ धागा): जर्मन लीडने मीटिंगमध्ये विचारलं, "मॉड्यूल शुक्रवारपर्यंत होईल ना?" जपानी इंजिनिअर म्हणाला, "प्रयत्न करतो." शुक्रवारी काम अर्धवट. पटत नव्हतं तर तिथेच बोलायचं होतं. हा पळपुटेपणा आहे, त्याला 'संस्कृती' म्हणून पाठीशी घालू नका.

आडवाट: 'पळपुटेपणा' वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मतभेद हाताळण्याच्या पाच शैली रहीम या अभ्यासकाने मांडल्या, त्यांत टाळणं म्हणजे स्वतःचीही पर्वा नाही आणि समोरच्याचीही नाही. संवादाच्या अभ्यासक स्टेला टिंग-टूमींचा आक्षेप नेमका इथेच आहे. ओट्झेल आणि त्यांनी 2003 साली चीन, जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या 768 जणांचा अभ्यास मांडला. समोरच्याच्या मानाची काळजी जास्त, तिथे टाळणं जास्त दिसलं आणि मिळून तोडगा काढणंही. रेटून नेणं जोडलेलं होतं ते स्वतःच्या मानाशी.

आता तुमचा प्रसंग बघा. दहाजणांसमोर 'नाही' म्हणणं म्हणजे लीडने ठरवलेली तारीख चुकली असं सगळ्यांदेखत सांगणं. तो 'प्रयत्न करतो' म्हणाला तेव्हाच त्याने नकार दिला होता. लीडने मीटिंगच्या आदल्या दिवशी त्याला एकट्याला गाठून विचारायचं, आणि तेही हो-नाहीचं नाही. "शुक्रवार गाठायचा तर काय वगळावं लागेल?" मग "टेस्टिंगला तीन दिवस कमी पडतात" असं उत्तर येऊ शकतं. मीटिंगमध्ये लीडनेच सांगायचं, की टेस्टिंगसाठी तारीख पुढच्या बुधवारवर नेतोय. अडचण कळली आणि कुणाला कुणाचं खोडावं लागलं नाही.

सरळरेषा: म्हणजे सगळी कसरत लीडनेच करायची? त्याला मान नाही? शुक्रवारी ग्राहकासमोर तोच तोंडघशी पडला.

पाटीपेन्सिल: साधं आहे. जपानी समूहवादी म्हणून टाळणार, जर्मन व्यक्तिवादी म्हणून थेट बोलणार. देश कळला की शैली कळली.

आडवाट: @पाटीपेन्सिल, अर्धंच बरोबर आहे. देशाचा परिणाम दिसतो, पण माणूस स्वतःला स्वतंत्र समजतो की इतरांशी बांधलेला, हेही त्याच अभ्यासात मोजलं होतं आणि त्याचाही परिणाम दिसला. पासपोर्ट बघून शैली ठरवलीत तर तोंडावर वाद घालणारा जपानी भेटला की तुम्ही गोंधळणार.
@सरळरेषा, लीडचाही मान गेला, हे मान्य. शुक्रवारआधी त्याला खाजगीत इशारा देणं इंजिनिअरकडूनही राहिलं.

खडूस_वाचक: टाळणं, रेटणं आणि तोडगा या तिन्हींतला जेमतेम पाचवा हिस्सा फरक त्या अभ्यासात उलगडला. टाळण्यात तर त्यातलाही निम्म्याहून कमी वाटा मानाच्या काळजीचा. उरलेलं काय, ते बोला. कामाचा ताण? पदाची भीती? इंजिनिअर ज्युनिअर असेल तर तुमच्या बर्लिनमध्येही तो गप्पच बसेल.

आडवाट: आकडे बरोबर आहेत. पण तो इंजिनिअर पळपुटा आहे, हे त्यातून कुठे सिद्ध होतं?

वैतागवाडी: हे सगळं राहू द्या. माझी अमेरिकन सहकारी जरा मतभेद झाला की मेलच्या सीसीत साहेबांना घालते, त्याचं काय? हा कुणाचा मान?

सरळरेषा: त्यात चूक काय? सगळं उघड आणि लेखी.

वैतागवाडी: उघड?! मला आधी एक ओळ न लिहिता थेट वरिष्ठांपुढे उभं करायचं, याला उघडपणा म्हणतात?

आडवाट: पाच शैलींमध्ये नंतर तीन जोडल्या गेल्या: भावना व्यक्त करणं, तिसऱ्याची मदत घेणं आणि दुर्लक्षाआडून राग काढणं. सीसी दिसायला तिसऱ्याची मदत आहे. पण दोघांना मान्य असलेल्या ज्येष्ठाकडे आधी वेगळं जाऊन बोलणं निराळं, आणि साहेबांच्या नजरेसमोर जाब विचारणं निराळं. दुसऱ्या प्रकारात समोरचा खुलासे देत बसतो, मूळ मुद्दा तिसऱ्या मेलपर्यंत हरवतो.

सरळरेषा: आणि ज्याला खाजगीत तीनदा विचारून उत्तरच आलं नाही त्याने काय करायचं? सीसी केलं की दुसऱ्या दिवशी काम होतं, हे कबूल करा.

आडवाट: होतं, कबूल. पण पुढची अडचण तो माणूस तुम्हाला आधी सांगेल का, ते बघा.

खडूस_वाचक: टाळणं आणि दुर्लक्ष यांतला फरक कुणीच सांगितला नाही. टाळणारा दुसऱ्या वाटेने खूण देतो: आडून शंका विचारतो, मधल्या माणसाकडून निरोप पाठवतो. दुर्लक्ष करणारा काम मुद्दाम रेंगाळतं ठेवतो आणि तक्रार भलत्यांकडेच करतो. तुमच्या इंजिनिअरने शुक्रवारआधी काही विचारलं होतं का?

सरळरेषा: बुधवारी टेस्ट डेटा कधी मिळेल असं दोनदा विचारलं होतं. लीडला ते साधी चौकशी वाटलं. ठीक आहे, पळपुटा हा शब्द मागे घेतो. शुक्रवारची जबाबदारी त्याचीच, यावर मी ठाम आहे.

वैतागवाडी: आणि माझं सीसी?