लांबच्या प्रवासात विरुद्ध मनःस्थितीची दोन पुस्तके: रसवृद्धी की रसभंग?

कोजागरी: पुढच्या महिन्यात हावडा मेलने नागपूरमार्गे कोलकात्याला जाणार आहे. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीतच जाईल. सोबत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आणि पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’ न्यावी, असे मनात आहे. पहिली मी वाचलेली नाही आणि दुसरी शाळेत असताना वाचली होती. बहिणीचे म्हणणे असे की, एक रडवणारे आणि एक हसवणारे पुस्तक एकाच प्रवासात वाचले तर दोन्हींची चव जाते. अशी जोडी न्यावी का? नेली तर आधी कोणते वाचावे?

गिरगावकर: अवश्य न्यावी. दिवसा डब्यात चहावाल्यांची ये-जा असते, शेजारच्यांच्या गप्पा असतात, कुणीतरी मोठ्याने फोनवर बोलत असते, त्यामुळे दिवसा ‘चाळ’च बरी, ती कितीही वेळा मिटली तरी बिघडत नाही. सगळे झोपल्यावर शांततेत ‘रणांगण’ काढावे. गंभीर पुस्तकाला एकांत लागतो आणि आगगाडीत एकांत फक्त रात्रीच मिळतो.

माध्यान्ह: ‘चाळ’ कुठेही मिटता येते हे गिरगावकरांचे निरीक्षण अचूक आहे, परंतु त्यावरून काढलेला क्रम मला पटत नाही. रात्री दहानंतर डब्यातले मुख्य दिवे मालवतात. वातानुकूलित डब्यात बर्थजवळ छोटा दिवा तरी असतो. साध्या शयनयानात मोबाईलचा उजेड पुस्तकावर पाडत बसावे लागते आणि खालच्या बर्थवरचे आजोबा खाकरून नापसंती कळवतात. शिवाय ‘रणांगण’ ही १९३९ सालची छोटेखानी कादंबरी युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर घडते. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू निर्वासित, त्यांच्यातली हॅर्टा आणि मराठी नायक विध्वंस यांना प्रवास संपेपर्यंतच एकत्र राहता येणार आहे, हे वाचकाला प्रत्येक पानावर ठाऊक असते. तो ताण सलग वाचनानेच चढत जातो. रात्री दीडशे किलोमीटर वाचून पुस्तक मिटले आणि सकाळी पुन्हा उघडले, तर ताण पहिल्यापासून बांधावा लागतो.

माझा हिशेब असा राहील. निघाल्या रात्री झोप येईपर्यंत ‘चाळी’तला एखादा लेख वाचावा, प्रवासाच्या सुरुवातीला ‘भ्रमण मंडळ’ तर हमखास. दुसऱ्या दिवशी चहा झाला की ‘रणांगण’ सुरू करावे आणि नागपूर मागे टाकून जेवणाच्या वेळेच्या आगेमागे संपवावे. साधारण वाचकाला चार-पाच तास पुरतात. त्यानंतर लगेच दुसरे पुस्तक उघडू नये. गोंदियापुढे दरेकसा ते डोंगरगड हा टापू डोंगरझाडीचा आहे, बोगदाही आहे. तेवढा वेळ खिडकीला द्यावा. बिलासपूर येईपर्यंत अंधारलेले असेल, तेव्हा पुन्हा ‘चाळ’ काढावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘चाळ’ ज्या अर्थाने हसवणारी समजली जाते, त्या अर्थाने ती शेवटपर्यंत तशी राहत नाही. अखेरचे ‘एक चिंतन’ हे सरळसरळ विलापिकेच्या अंगाने जाते. ‘रणांगणा’नंतर उतारा म्हणून नेमके तेच वाचायला घेतले, तर जोडी बांधण्याचा हेतूच फसेल. ते परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावे.

ओवी: ‘उतारा’ या शब्दातच माझ्या हरकतीचे मूळ आहे. ‘रणांगण’ हा काही विषप्रयोग नव्हे. पुस्तकाने मन जड केले असेल, तर ते जड राहू द्यावे. कोलकात्याला उतरेपर्यंत मळभ राहिले तर बिघडले कुठे? विनोदी पुस्तकावरही हा अन्यायच आहे, कारण पु. लं.ना आपण पाठीवर हात फिरवण्याच्या कामाला जुंपतो आहोत.

दोन्ही भाव हवेत, तर ते एकत्र नांदणारे एकच पुस्तक न्यावे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाल्यानंतर वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले, त्याचे वर्णन वाचताना आपण हसतो आणि हसता हसता त्यामागची दहशत ध्यानात येते. तेथे हसू संपून रडू सुरू झाल्याची रेघ दाखवता येणार नाही. जाडीही दोन दिवसांना पुरून उरेल एवढी आहे.

पार्ल्याचा_प्रकाश: माझे मत असे की, कागदी पुस्तके न्यावीतच कशाला? मी मुंबई–लंडन विमानात ई-वाचकावर चाळीसेक पुस्तके घेऊन बसलो. टेकऑफ, घोषणा, पेयांची गाडी, जेवण, मग ट्रे परत देणे, यांतच पहिले दोन-अडीच तास तुकड्यातुकड्यांत गेले. पुढे केबिनमधले दिवे मंदावले आणि मी एका पुस्तकातून दुसऱ्यात उड्या मारत बसलो. उतरताना एकही पूर्ण झाले नव्हते. वजन मात्र नव्हते!

माध्यान्ह: प्रकाशराव, मूळ प्रश्न वजनाचा नव्हता, तरी तुम्ही नकळत दोनच पुस्तके नेण्याच्या बाजूने साक्ष दिलीत. विमानात क्रम बदलावा लागतो, हेही तुमच्या वर्णनावरून दिसते. सुरुवातीचे विस्कळीत तास आणि उतरण्यापूर्वीचा नाश्त्याचा तास सुट्या लेखांचा. दिवे मंदावल्यावरचे मधले चार तास कादंबरीचे, कारण तेथे प्रत्येक आसनावर स्वतंत्र दिवा असतो.

दत्तोपंत_सातारा: या वादाला आपल्याकडे जुना आधार आहे. हास्य आणि करुण यांना साहित्यशास्त्रात परस्परविरोधी मानले आहे. म्हणजे कोजागरीताईंच्या भगिनींची शंका निराधार नाही. मात्र आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त यावर तोडही सांगितली आहे. दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा, दोघांनाही न दुखावणारा रस घालावा. ‘नागानंद’ नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो, तो असा. माध्यान्ह यांनी दरेकशाचे डोंगर मध्ये घातले, ते मला याच न्यायाने योग्य वाटते. विमानात खिडकीबाहेर काळोख असल्याने हा तिसरा रस आपोआप मिळत नाही. तेथे निदान उठून दोन फेऱ्या माराव्यात, चहा मागून घ्यावा आणि अर्धा तास काहीही वाचू नये.

ओवी: पंत, आनंदवर्धन एकाच कलाकृतीच्या आतील रसांविषयी बोलतो आहे. दोन वेगळ्या लेखकांची, वीसेक वर्षांच्या अंतराने आलेली दोन पुस्तके एका पिशवीत घातल्याने एक कलाकृती होत नाही. हा आधार येथे लागू कसा करायचा?

दत्तोपंत_सातारा: आक्षेप रास्त आहे. पण वाचणारे मन तर एकच असते, आणि विरोध शेवटी त्याच्याच अनुभवात जाणवतो. एवढ्यावर तुमचे समाधान होणार नाही, हे मी जाणतो.

गिरगावकर: दिव्यांचा मुद्दा मान्य. तरी दिवसा डब्यात ‘रणांगण’ सलग वाचून होईल, ही माध्यान्ह यांची आशा शेजारी पत्त्यांचा डाव मांडणारे सहप्रवासी नसतील तरच खरी. आणि हॅर्टाचे शेवटी जे होते ते भर दुपारी, चारचौघांत…

कोजागरी: कृपया पुढे लिहू नका, मी ते पुस्तक वाचलेले नाही! सर्वांचे आभार. ‘रणांगण’ दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करीन आणि ‘एक चिंतन’ परतीसाठी ठेवीन. ओवीताईंचे म्हणणे अजून मनातून जात नाही, त्यामुळे ‘स्मृतिचित्रे’ही घरी काढून ठेवली आहेत. खालचा बर्थ मिळाला आहे, पण खिडकी कोणत्या बाजूला येते ते पाहावे लागेल. दरेकशाचा बोगदा कोणत्या बाजूने चांगला दिसतो, हे कुणी सांगू शकेल का?

पार्ल्याचा_प्रकाश: बोगदा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, ताई.