मदत हवी आहे: प्ले स्कूलची नोंदणी, भाड्याचा बंगला आणि फायरचे कागद

सईची_आई
नमस्कार मंडळी, नाशिकमध्ये माझं छोटं प्ले स्कूल आहे, दोन वर्षं झाली. बंगल्याचा तळमजला भाड्याने घेतलाय, वरच्या मजल्यावर मालक राहतात. हॉल आणि दोन खोल्या मिळून साधारण ९०० स्क्वेअर फूट, मुलं ३५, अडीच वर्षांपासून सहापर्यंतची. शिकवायला मी आणि एक टीचर, शिवाय एक मावशी. आता पालक विचारायला लागलेत की तुमची शाळा रजिस्टर आहे का. एका कन्सल्टंटने आठ हजार घेतले आणि शॉप अॅक्टचा कागद आणि फायरचं सर्टिफिकेट हातात दिलं, म्हणाला झालं तुमचं सगळं. पण ते फायरचं सर्टिफिकेट म्हणजे आग विझवायचे सिलिंडर विकणाऱ्या दुकानाचं लेटरहेड आहे, त्यावर फक्त "दोन नग पुरवले, व्यवस्थित आहेत" एवढंच लिहिलंय, हे चालतं का? आणि नोंदणी नक्की कुठे करायची? ऑफिसात गेले की प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर मिळतं.

पाटील_सर
ताई टेन्शन घेऊ नका. प्ले स्कूलला सरकारची मान्यता लागतच नाही, आरटीई सहा वर्षांपासून पुढे आहे. शॉप अॅक्ट आणि उद्यम असलं की विषय संपला, माझ्या मेव्हणीचं दहा वर्षं असंच चाललंय.

बालवाडी_मावशी
पाटील सर, निम्मं बरोबर आहे तुमचं. पहिलीपासूनच्या शाळेला जशी मान्यता लागते तशी आपल्याला नाही हे खरं, पण २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खाजगी पूर्वप्राथमिक केंद्रांसाठी education.maharashtra.gov.in वर नोंदणी सुरू केली आहे, तीन ते सहा वयोगटासाठी. केंद्र कुणाचं, मुलं किती, खोल्या-टॉयलेट कशी, स्टाफ कोण, अशी माहिती भरायची. सई ताई, ही नोंद म्हणजे मान्यता नव्हे, त्यामुळे बोर्डावर "शासनमान्य" लिहू नका, पालकांनाही "पोर्टलवर नोंद केली आहे" एवढंच सांगा. शॉप अॅक्टचा कागद तर धंदा चालू असल्याची नोंद फक्त, जागा मुलांसाठी सुरक्षित आहे असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

आणि अडीच वर्षांची मुलं वेगळी मोजा. बाल हक्क आयोगाच्या खाजगी प्ले स्कूलसाठीच्या मार्गदर्शक सूचना तीन वर्षांखालच्यांना प्ले स्कूलमध्ये धरत नाहीत. त्यातच २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी असं प्रमाण दिलंय. तुमच्या ३५ ला दोन शिक्षिका आणि दोन मावश्या होतात, म्हणजे एक मावशी कमी पडतेय. मी हे नियम म्हणून नाही सांगत, टॉयलेटला एका मुलाला नेलं की वर्गात कोण उरतं ते बघा म्हणजे कळेल.

रोहनचा_बाबा
माझ्या मुलाला ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होतात, नर्सरीत मिळेल का? आणि आरटीईचा फॉर्म कधी येतो?

बालवाडी_मावशी
दादा, नवीन धागा काढा, इथे शाळा काढायचं चाललंय 🙂

अग्निशमन_निवृत्त
सई ताई, मी फायरमध्ये होतो, त्या लेटरहेडबद्दल सांगतो. ते सर्टिफिकेट नाही, सिलिंडर विकल्याची पावती आहे. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्यात यंत्रणा बसवल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीच देते, त्याला फॉर्म ए म्हणतात. आणि ती यंत्रणा चालू स्थितीत आहे असा फॉर्म बी दर जानेवारीला आणि जुलैला द्यावा लागतो. एजन्सीचा परवाना नंबर आणि मुदत दाखल्यावर असते, ती महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीशी ताडून बघा. दुकानदाराला परवाना नंबर विचारला की तो "अहो तसलं काही लागत नाही" म्हणतो, तिथेच ओळखायचं.

पण मला कागदापेक्षा तुमच्या बंगल्याचीच काळजी वाटतेय. तीन गोष्टी आजच बघून सांगा: मागच्या दाराला कुलूप असतं का, खिडक्यांच्या ग्रिल उघडतात का, आणि मालकांचा गॅस सिलिंडर कुठे ठेवलेला असतो.

सईची_आई
काका, मागचं दार मुलं बाहेर पळतात म्हणून कुलूपबंद असतं, किल्ली मावशींच्या कमरेला. ग्रिल फिक्स आहेत. आणि मालकांचे दोन सिलिंडर जिन्याखाली, म्हणजे आमच्या हॉलच्या दाराला लागूनच... लिहिताना माझंच पोटात गोळा आला.

अग्निशमन_निवृत्त
हेच म्हणतोय. कुंभकोणमची आग आठवा, १६ जुलै २००४, ९४ मुलं गेली. त्याच प्रकरणावरून सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेवर आदेश दिले. तुमच्याकडे समोरच्या दाराजवळ जिन्याखाली आग लागली आणि मावशी त्या वेळी टॉयलेटपाशी असल्या तर किल्ली कुठे शोधणार? त्यामुळे आधी सिलिंडर बाहेर मोकळ्या जागेत हलवायला सांगा. मागच्या दाराला आतून मोठ्या माणसाच्या हाताला पटकन येईल अशी वरची कडी लावा, कुलूप नको, मुलांचा हात तिथवर जात नाही. एका खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं करून घ्या, लोहाराचं एका दिवसाचं काम. पावडरचे सिलिंडर दोन असतील तर दोन्ही एका कोपऱ्यात नकोत, कुठूनही १५ मीटरच्या आत एक सापडायला हवा, आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का हे दर महिन्याला बघा. सगळ्यांना एकदा पिन काढून चालवायला लावा. मी कित्येक ठिकाणी भिंतीवरचा सिलिंडर हार घातलेला पाहिलाय, पूजेचा!

घरमालक_गंगापूररोड
मी मालकाच्या बाजूने विचारतो, भाडेकरार कशासाठी झालाय? राहण्यासाठी असेल आणि आत शाळा चालत असेल तर उद्या काही झालं तर मालक हात वर करतील आणि विमाही मिळायचा नाही.

सईची_आई
करार रजिस्टर आहे पण त्यात "निवासी वापर" असंच लिहिलंय. तेव्हा एजंट म्हणाला होता की असं लिहिलं की स्टॅम्प कमी लागतो.

बालवाडी_मावशी
मग गाडी इथेच अडकणार ताई. एजन्सी कुठल्या वापरासाठी तपासायचं हे आधी विचारते. नवीन करारात "पूर्वप्राथमिक शाळा" असा वापर लिहून घ्या, मालकांची लेखी संमती घ्या, आणि भोगवटा पत्र व मंजूर नकाशा घेऊन नगररचना विभागात त्या प्लॉटवर शाळेचा वापर बसतो का ते विचारा. माझ्याकडे हे उलट झालं, आधी फॉर्म ए काढला मग करार बदलला, तर एजन्सीने नव्या पत्त्यासारखे परत पैसे घेतले.

स्टाफचं सोपं आहे. प्रत्येकीचं पोलीस व्हेरिफिकेशन, मावशी आणि व्हॅनवाल्यासकट, ऑनलाइन अर्ज होतो. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांना ते आणि सीसीटीव्ही सक्तीचं केलंय. शिक्षिकेचा ईसीसीई किंवा माँटेसरीचा कोर्स असेल तर ती प्रत फाइलला ठेवा.

पाटील_सर
बरं, माघार घेतो. पण मला एक सांगा, वापर बदलला की मालमत्ता कर वाढणार, तो कोण भरणार? मालक का मान्य करेल? वीजही महाग होईल.

घरमालक_गंगापूररोड
विजेचं तेवढं भ्यायचं नाही, महावितरणमध्ये शाळा दुकानांच्या दरात येत नाही, सार्वजनिक सेवेची वेगळी वर्गवारी आहे. कराचं मात्र आमच्याकडे भांडणच झालं होतं, शेवटी वाढीव कर भाडेकरूने भरायचा असं करारात आलं.

सईची_आई
आज मालकांशी बोलले. सिलिंडर उद्या बाहेर जाणार, कडी लावली, लोहार शनिवारी येतोय. कराचं ऐकून मात्र ते गप्प झाले आणि "बघू" म्हणाले. अडीच वर्षांची सात मुलं आहेत, त्यांच्या पालकांना काय सांगायचं ते कळत नाहीये, डे केअर म्हणून वेगळं चालवता येईल का? कुणी असं केलंय का?