गल्लीतला ट्रेझर हंट: क्लू दुकानदाराकडे ठेवायचा की नाही?

नवखा_आयोजक: जुन्या बाजारगल्लीत एस्केप रूमसारखा खेळ करायचाय, चार टीम, चार ठिकाणं, शेवटी चार आकडी कुलुपाची पेटी. क्लू दुकानदारांकडे देऊन ठेवू का?

कोडेवाली: नको. एक गिऱ्हाईक आलं की दुकानदार तुमचा खेळ विसरणार, आणि विसरायलाच हवा, त्याचा धंदा आहे तो. क्लू जागेतच शोधा, कमानीवरचं कोरलेलं साल, जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, म्हणजे कुणाला विचारावंच लागत नाही.

चौकातला: अजिबात पटलं नाही! माणसांशी बोलायचंच नसेल तर बाजारात कशाला, मैदानात खेळा की. आमच्या वेळी एका म्हाताऱ्या दुकानदारानं क्लू द्यायच्या आधी पोरांकडून तराजूत वजन करून घेतलं, तेवढंच सगळ्यांना आजही आठवतं.

पायरी_मोजणारा: पायऱ्यांचं सांभाळून हं. मुलीच्या वाढदिवसाला मी तेच कोडं ठेवलं होतं, एका टीमनं उंबरा धरून चौदा मोजल्या, दुसरीनं तेरा, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर. भांडण मिटेपर्यंत खेळच संपला.

तंत्रप्रेमी: सगळीकडे क्यूआर स्टिकर लावा, विषय संपला. चूक निघाली तर घरबसल्या बदलता येते.

कोडेवाली: बदलता येतं हे खरंय, पण स्टिकर कुणीतरी सोलून काढतं आणि अरुंद गल्लीत रेंज जाते, तेव्हा कागदी क्लू सोबत हवाच. खरी गोची वेगळीच आहे, चारही टीम पहिल्याच ठिकाणी सोडल्या तर तिथं गर्दी होते आणि मागचे पुढच्यांचं बघून पळतात. म्हणून अ टीम १-२-३-४, ब २-३-४-१, क ३-४-१-२, ड ४-१-२-३ अशा सोडा. आकडे मिळायचा क्रम प्रत्येकीचा वेगळा होणार, त्यामुळे प्रत्येक आकड्याबरोबर एक खूण द्या, गोल, त्रिकोण वगैरे, आणि पेटीवर त्याच खुणा ओळीनं काढा. एखादी टीम अडकली की मागची येऊन धडकते, तेव्हा सहा-सात मिनिटांनी हिंट द्यायचीच.

खोलीवाला: पण गल्लीत दार बंद करून कोंडणार कसं? आणीबाणीत बाहेर पडायची सोय आहे का?

चौकातला: अहो कोंडायचं नाहीये कुणाला, कुलूप पेटीला आहे.

नवखा_आयोजक: तीन आकडे मिळाल्यावर चौथा नुसता फिरवून काढला तर?

कोडेवाली: काढतातच, दहाच प्रयत्न लागतात. म्हणून कार्डावर चारही ठिकाणचे शिक्के असल्याशिवाय पेटीला हात लावू द्यायचा नाही. शिक्का मारायला मात्र आपला माणूस बसवा.

चौकातला: शिक्का दुकानदारच मारेल की! दहा सेकंदांचं काम, गिऱ्हाईक असलं तरी होतं.

कोडेवाली: शिक्क्यापुरतं चालेल बहुतेक. पण आधी एकदा त्याच वारी, त्याच वेळी सगळा रस्ता चालून बघा, त्या दिवशी दुकान बंद निघालं तर तो शिक्काच गेला.

पायरी_मोजणारा: आणि उंबरा धरायचा की नाही ते क्लूवर लिहा!